हलके कंस

कंस नाहीत तर गुण नाहीत. चोवीस वर्षं मी वर्गात हे वाक्य म्हणत आले आणि उत्तरपत्रिका तपासताना तसंच वागत आले. मुलं माझ्या पाठीमागे मला ‘कंपास’ म्हणतात. एक पाय रोवून दुसऱ्या पायाने सगळ्यांना गोल फिरवते म्हणे. ज्या पोराने हे नाव ठेवलं त्याला भूमितीत चांगले गुण होते, म्हणून मी ते मनाला लावून घेतलं नाही.

ही गोष्ट माझ्या भाचीची आहे. खरं तर ती माझीच आहे, पण नुकसान तिचं झालं, म्हणून तिची म्हणते. ती माझ्या धाकट्या भावाची एकुलती एक मुलगी. जन्मली तेव्हा मूठभर होती म्हणून ‘बारकी’ नाव पडलं आणि उंचीने मला मागे टाकलं तरी बदललं नाही. भाऊ यंत्रशाळेत फिटर. दुसऱ्यांनी काढलेले आराखडे वाचायचे आणि त्याबरहुकूम लोखंड घासायचं, यात त्याचा जन्म गेला. आपल्या मुलीने हे आराखडे काढणाऱ्यांच्या खोलीत बसावं, एवढीच त्याची हौस. बारकीचीही तीच. आराखडे शिकवणाऱ्या संस्थेत जागा मिळायला शालान्त परीक्षेत गणितात पन्नास गुण लागत. एकोणपन्नास चालत नसत.

बारकी माझ्याच शाळेत, माझ्याच वर्गात होती. वर्गात ती मला ‘बाई’ म्हणायची आणि फाटकाबाहेर पाय पडला की ‘आत्या’. बीजगणितात ती रडतखडत चालायची, पण भूमितीच्या रचनेत तिचा हात असा की बघत राहावं. संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरून बसायची आणि मी पोळ्या लाटता लाटता ओरडायचे, “कंस हलके. पेन्सिल कडक घे, टोक कर, दाबू नकोस. रचनेच्या रेषा जेमतेम दिसल्या पाहिजेत आणि उत्तराची रेषा ठळक.” हे मी मनाचं सांगत नव्हते. हलका कंस बारीक येतो, आणि दोन बारीक कंस एकमेकांना छेदतात तो बिंदू नेमका असतो. जाड कंसांचा छेद म्हणजे बिंदू नसतो, डाग असतो. त्या डागात सुई कुठेही टेकवा, मिलिमीटरभर चूक ठरलेली.

त्या वर्षी परीक्षेत प्रश्न आला तो असा. ३.४ सेंटीमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. केंद्रापासून ८.५ सेंटीमीटरवर एक बिंदू घ्या. त्या बिंदूतून वर्तुळाला दोन स्पर्शिका काढा, त्यांची लांबी मोजून लिहा आणि रचना बरोबर का आहे याचं कारण द्या. गुण चार.

आळशी पोरगं काय करतं, तर बाहेरच्या बिंदूवर पट्टी ठेवतं, वर्तुळाला टेकल्यासारखी वाटेपर्यंत तिरकी करतं आणि रेघ मारून मोकळं होतं. लांबून बघितलं तर झकास. पण पट्टी वर्तुळाला नेमकी कुठे टेकली हे डोळ्याला कळत नाही. चार-पाच मिलिमीटर ती वर्तुळाला चिकटूनच जाते, आणि मग कुणाची लांबी ७.४ येते, कुणाची ८.१. खरी रचना वेगळी असते. केंद्र आणि तो बिंदू जोडायचा. कंपास त्या अंतराच्या निम्म्याहून जास्त उघडायचा आणि तो न हलवता दोन्ही टोकांवरून वर आणि खाली कंस मारायचे. ते छेदतात ते दोन बिंदू जोडले की दुभाजक येतो आणि त्यावरून मध्य सापडतो. मध्यावर सुई, केंद्रावर शिसं, आणि वर्तुळाला दोन ठिकाणी छेदणारे कंस काढायचे. ते छेद म्हणजे स्पर्शबिंदू. लांबी ७.८ येते, मिलिमीटरभर इकडेतिकडे चालतं. कारण असं की अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो, म्हणून आपली रेषा त्रिज्येला लंब आहे, म्हणून ती स्पर्शिका आहे.

यात चोऱ्या किती प्रकारच्या होतात ते मला विचारा. एक जण पट्टीने सव्वाचार मोजून मध्य घेतो आणि मग शोभेला कंस काढतो. ते कंस बिचारे त्या मध्याच्या सरळ वर-खाली एकमेकांना भेटतच नाहीत. दुसऱ्याचा कंपास ढिला, त्यामुळे एका टोकाकडून एक त्रिज्या, दुसऱ्याकडून दुसरी, आणि दुभाजक मध्य सोडून भलतीकडेच. तिसरी पट्टीवरच्या शून्याऐवजी एकपासून मोजते आणि ८.८ लिहिते. कारणाच्या जागी तर एकाने लिहिलं होतं, “कारण ती वर्तुळाला स्पर्श करते असे दिसते.” दिसण्यावर जग चालतं, भूमिती नाही. त्याच्या पुढे मी लाल शाईने गोल शून्य काढलं होतं, कंपासने काढल्यासारखं.

कागदावर तपासायचे तेव्हा शंका आली की मी पान उलटून मागून बोट फिरवायचे. सुई जिथे टेकते तिथे कागदाला भोक पडतं आणि मागच्या बाजूला त्याचा कंगोरा बोटाला लागतो. मध्यावर भोक नसलं तर तिथे कंपास टेकलाच नाही. पोरं खोटं बोलतील, भोक बोलत नाही.

त्या वर्षापासून कागद गेले. उत्तरपत्रिका परीक्षा मंडळाच्या मुख्य कचेरीतच यंत्राखाली धरून त्यांच्या प्रती काढल्या आणि आम्हाला एका मोठ्या खोलीत संगणकांपुढे बसवलं. चाळीस टेबलं, चाळीस पडदे, माउस फिरवून गुण द्यायचे. आमचे नियामक, म्हणजे आम्ही तपासलेलं पुन्हा तपासणारे गृहस्थ, पहिल्याच दिवशी म्हणाले, “पडद्यावर जे दिसेल त्याचे गुण. जे दिसत नाही ते नाही. भावनेच्या आहारी जायचं नाही.” माझ्याकडे बघून पुढे म्हणाले, “बाईंना हे सांगायला नको.” सगळे हसले. मीही हसले, आणि मला बरं वाटलं, हे लपवून काय उपयोग?

मी सातशेच्या आसपास पत्रिका तपासल्या. त्यांत एक गोष्ट मला चमत्कारिक वाटली होती. कितीतरी पत्रिकांमध्ये वर्तुळ स्वच्छ, जोडरेषा स्वच्छ, दोन्ही स्पर्शिका ठळक, लांबी ७.८ आणि कारण अगदी मुद्देसूद. कंस मात्र एकही नाही. दुभाजकाची रेषाही नाही. शेजारच्या टेबलावरचे मास्तर म्हणाले, “माझ्याकडेही आहेत अशा. सगळ्यांना ७.८ कसं येतं हो?” मी म्हटलं, “एकाने काढलं, बाकीच्यांनी उतरवलं. लांबी आधी कळली की रेघ मारायला किती वेळ लागतो?” ते म्हणाले, “पण या वेगवेगळ्या गावच्या आहेत.” मी म्हटलं, “मग सूत्राने काढली असेल. त्रिज्या दिली आहे, अंतर दिलंय, पायथागोरसला विचारायचं आणि रेघ तेवढी मारायची.” त्यांना ते पटलं. मलाही माझं पटलं. वर्तुळाला नि जोडरेषेला एक गुण, दुभाजकाला शून्य, स्पर्शिकांना शून्य, आणि रचनाच नाही तर कारण कशाचं, म्हणून तिथेही शून्य. चारपैकी एक. शेरा: कंस नाहीत.

तिथे थांबून मी साधा विचार करायला हवा होता. लांबी माहीत असली तरी पट्टीने दोन्ही बाजूंना इतकी नेमकी, समान रेघ अंदाजाने एखाद्याची येईल. दीडशे जणांची येत नाही. अचूकपणा हाच कंपासचा पुरावा होता, आणि तो माझ्या पडद्यावर दिवसभर उघडा पडला होता. पण मी चोर शोधायला बसले होते, त्यामुळे मला चोरच दिसले.

निकाल लागला. बारकीला गणितात अठ्ठेचाळीस.

तिने प्रतीसाठी अर्ज केला आणि आठवड्याने छापील प्रत आली. ती घेऊन ती आणि भाऊ दोघंही माझ्याकडे आली. भाऊ कामावरून तसाच आला होता, नखांत वंगण. त्याने प्रत टेबलावर ठेवली, पानाला वंगण लागू नये म्हणून कड दोन बोटांनी धरून. “ताई, तू बघ. मला यातलं कळत नाही.”

मी पानं उलटली. बीजगणितात गेलेले गुण रास्तच गेले होते. मग रचनेचं पान आलं. वर्तुळ, जोडरेषा, दोन ठळक स्पर्शिका, ७.८, सुबक अक्षरात कारण. चारपैकी एक. कोणा अनोळखी तपासनीसाचा शेरा: कंस नाहीत.

आधी मला लाज वाटली आणि मग राग आला. माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या पोळ्या खात जी पोर वर्षभर हीच रचना करत होती, तिने ऐन परीक्षेत पट्टी टेकवली होती.

“कंस कुठे आहेत?” मी विचारलं.

“काढले होते.”

“मग उडून गेले का?”

“आत्या, खरंच काढले होते. तू सांगतेस तसे, हलके.”

“हलके म्हणजे नाहीसे नव्हेत.”

ती प्रत जवळ ओढून वाकून बघायला लागली. पानावर बोट ठेवून म्हणाली, “इथे होते. वर आणि खाली. मध्याला मी नावही दिलं नाही कारण जागा कमी होती. पण होते. मला आठवतंय, वरचा छेद छापील ओळीला लागला होता.”

“बारके, मी या परीक्षेत सातशे पत्रिका तपासल्या. असे दीडशे तरी कलाकार बघितले. सगळ्यांचे कंस उडून गेले होते.”

भाऊ मध्ये पडला. “ताई, फेरतपासणीचा अर्ज करता येतो. दहा दिवस मुदत आहे. त्यावर विषयशिक्षकाची सही लागते, की या उत्तराला जास्त गुण मिळायला हवेत म्हणून. दोनच गुणांचा प्रश्न आहे.” त्याने खिशातून घडी घातलेला अर्ज काढला. विषयशिक्षक म्हणजे मी. सही माझी.

मी अर्जाकडे बघितलंसुद्धा नाही. “मी तपासनीस आहे. याच उत्तराला मी लोकांच्या मुलांना एक गुण दिला. आता आपल्या घरातली म्हणून चार मागू? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं?”

“पण ती म्हणतेय काढले होते.”

“ती म्हणेलच.”

भाऊ गप्प झाला. तो माझ्यापुढे लहानपणापासून गप्प होतो. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि त्याला मीच शाळेत पोचवायचे, त्यामुळे मी म्हणेन ते त्याच्यासाठी छापील असतं. त्याने मुलीकडे बघितलं. त्या बघण्यात एक प्रश्न होता आणि बारकीला तो दिसला. मलाही दिसला. मी तो मिटवू शकले असते.

“बाबा, मी काढले होते,” ती त्याला म्हणाली, मला नाही.

“हो गं,” तो म्हणाला. पण अर्जाची घडी त्याने पुन्हा खिशात घातली.

ती नंतर एकदा एकटी आली, मुदत संपायच्या आदल्या दिवशी दुपारी. माझ्यासमोर कोरा कागद ठेवून तिने कंपास काढला आणि ती रचना करून दाखवली. हात तसाच, नखभर चूक नाही. कंस इतके बारीक की चष्मा लावून बघावे लागत होते. मला ते दिसले. मी बघून म्हटलं, “येतं तुला, हे मला माहीत आहे. म्हणूनच जास्त राग येतो. येत असून आळस केलास.” ती उठली. कागद तिथेच टाकून गेली. दुसऱ्या दिवशी मुदत संपली.

आराखड्यांच्या संस्थेची यादी लागली, तीत ती नव्हती. भावाने तिला कार्यालयीन कामकाजाच्या अभ्यासक्रमाला घातलं. टंकलेखन, फायली, पत्रांचे मायने. मी भावाला म्हटलं, पुढच्या वर्षी तिला गणिताला पुन्हा बसव, मी तयारी करून घेते. तो म्हणाला, “ती नाही म्हणते.” का, असं मी विचारलं नाही. तिचं डोकं फिरलंय, उतरेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं. माझ्याकडे येणं तिने बंद केलं होतं. रस्त्यात दिसली तर “काय आत्या” एवढं म्हणायची आणि चालायला लागायची.

दोनेक महिन्यांनी मला कचेरीतून बोलावणं आलं. फेरतपासणीचे अर्ज साठले होते आणि जुने अनुभवी तपासनीस हवे होते. खालच्या मजल्यावर एक लांबट खोली, भिंतीला लोखंडी मांडण्या, त्यांवर बांधलेले गठ्ठे. आम्हाला पुन्हा पडदेच दिले होते. दुपारपर्यंत मी नऊ अर्ज निकाली काढले, नऊही फेटाळले. दहाव्या पत्रिकेच्या प्रतीत पान दुमडलं गेलं होतं आणि निम्मी आकृती दिसतच नव्हती. मी नोंदीच्या कारकुनाला म्हटलं, मूळ पत्रिका दाखवा. तो कुरकुरत उठला, अर्जावरचा क्रमांक बघून एक गठ्ठा सोडला आणि पत्रिका माझ्यापुढे ठेवली.

तीच रचना. कोणाची होती कुणास ठाऊक, पत्रिकेवर फक्त आकडे असतात. वर्तुळ, जोडरेषा, स्पर्शिका. आणि कंस. वर दोन, खाली दोन, बारीक, राखाडी, केसासारखे. दुभाजकाची रेषा तशीच हलकी. मध्यावरून वर्तुळाला छेदणारे दोन कंस. मी पडद्याकडे बघितलं. दुमडलेल्या भागाबाहेर जेवढी आकृती दिसत होती तेवढीतही कंस नव्हते. कागदावर होते, पडद्यावर नव्हते. मी पान उलटलं आणि मागून बोट फिरवलं. भोकं जागच्या जागी होती.

“हे यंत्र असं कसं काढतं?” मी कारकुनाला विचारलं.

“कसं म्हणजे? पांढरं ते पांढरं, काळं ते काळं,” तो म्हणाला. “मधलं काही ठेवत नाही. मधलं ठेवलं तर पानाचं वजन वाढतं, संगणकात मावत नाही. तसंच ठरलंय वरून.”

“पेन्सिल हलकी असली तर?”

“पांढरी धरतं. पण बाई, उत्तर कोण हलक्या पेन्सिलीने लिहितं?”

ज्यांना नीट शिकवलं ते. ज्यांनी कंपासला बोथट पेन्सिल बांधून जाडजूड कंस ओढले त्यांचे सगळे पडद्यावर आले, आणि ज्यांच्या बाईंनी वर्षभर हलके, हलके म्हणून डोकं खाल्लं त्यांचे गेले. माझ्या वर्गात त्या वर्षी सात जणांचे गुण अपेक्षेपेक्षा घसरले होते. सातही हात चांगले. मी त्यांना निकालाच्या दिवशी सगळ्यांसमोर उभं करून बोलले होते, की परीक्षेत आळस केलात, तोंडावर पडलात.

मग मी सकाळी फेटाळलेल्या नऊ अर्जांच्या मूळ पत्रिका मागवल्या. पाचांत कंस होते. पाचही अर्ज मी काही तासांपूर्वी फेटाळले होते.

मी बारकीचा क्रमांक कागदावर लिहून कारकुनापुढे सरकवला. “ही एक काढून द्या.”

त्याने यादीत बघितलं. “हिचा अर्ज नाही.”

“फक्त बघायची आहे.”

“अर्ज नाही तर पत्रिका नाही, बाई. गठ्ठा सोडला तर सही लागते. मुदत गेली हिची.” तो वाईट माणूस नव्हता. त्याने कागद मला परत दिला आणि हळूच विचारलं, “घरातली आहे का?”

मी मान डोलावली. तो म्हणाला, “मग अर्ज का नाही केला?”

नियामक वरच्या मजल्यावर बसत. मी त्यांच्यापुढे दोन्ही ठेवलं, मूळ पान आणि प्रत. त्यांनी खिडकीजवळ जाऊन पाहिलं, चष्मा काढून पाहिलं, घालून पाहिलं. परत येऊन बसले ते साहेब होऊन बसले.

“ज्यांचे अर्ज आहेत त्यांचे मूळ बघून गुण द्या,” ते म्हणाले.

“आणि बाकीच्यांचे?”

“निकाल लागला आहे.”

“साहेब, एकट्या माझ्या हातून दीडशे गेलेत. चाळीस टेबलं होती.”

“बाई, तुम्हीच सांगायचात ना, जे दिसत नाही ते नाही.” ते तुम्ही सांगितलं होतं, असं मी म्हणणार होते. पण मी हसले होते तेव्हा. ते पुढे म्हणाले, “आता सगळे गठ्ठे सोडायचे? जागा भरल्या, मुलं कुठल्या कुठे गेली. वरातीमागून घोडं नाचवून कुणाचं भलं होणार आहे? पुढच्या वर्षी सूचना काढू, पेन्सिल गडद वापरा म्हणून. तुम्ही लिहून द्या.”

मी लिहून दिलं. दोन पानं लिहिली, मूळ आकृती, प्रत, यंत्राचा दोष, माझ्या हातून गेलेल्यांचा अंदाज, सगळं. त्यांनी शेवटच्या दोन परिच्छेदांवर रेघ मारली आणि वरची सूचना तेवढी ठेवली. पेन्सिल गडद वापरावी. खाली माझी सही होती.

संध्याकाळी मी परस्पर भावाच्या घरी गेले. वहिनी बाहेर गेली होती. भाऊ आंघोळ करून खुर्चीत बसला होता आणि बारकी जमिनीवर बसून पत्रांच्या पाकिटांवर पत्ते लिहीत होती, अभ्यासक्रमाचा गृहपाठ. मी उभ्यानेच सांगितलं. यंत्राचं, पांढऱ्या-काळ्याचं, बोटाला लागलेल्या भोकांचं. सांगताना मला रडू आलं. भाऊ उठून उभा राहिला होता. ताई रडते आहे याचं काय करायचं हे त्याला कळत नव्हतं.

“तू खरं बोलत होतीस,” मी बारकीला म्हटलं. “कंस होते.”

तिने पाकीट पूर्ण केलं, झाकण दुमडलं आणि बाजूला ठेवलं.

“मला माहीत होतं, आत्या. मीच काढले होते.”

“हो, पण मला आज...”

“माझी पत्रिका बघितलीस?”

“नाही देत. अर्ज नाही म्हणून.”

“मग कुणाची बघितलीस?”

“माहीत नाही. कुणाची तरी. अनोळखी.”

तिने मान वर केली. रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला कुठेतरी हात टेकायला जागा मिळाली असती. “म्हणजे कुणा अनोळखीचा कागद बघून तुला माझं खरं वाटलं,” ती म्हणाली. “मी तुझ्यासमोर बसून काढून दाखवले, तेव्हा नाही वाटलं.”

भाऊ म्हणाला, “बारके, आत्याशी असं बोलू नये.” मग तो थांबला. खाली बघत म्हणाला, “मीही त्या दिवशी अर्ज खिशात घातला.”

मी म्हटलं, “पुढच्या परीक्षेला बस. मी रोज येईन. दोन गुणांचंच आहे. एका वर्षाने संस्थेत जाशील.”

“आणि कंस कसे काढू?”

मला उत्तर माहीत होतं. ते मी त्याच दुपारी सही करून दिलं होतं. जाड काढ, दाबून काढ, छेदाचा डाग पडला तरी चालेल, मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी आम्ही चालवून घेऊ, फक्त आम्हाला दिसेल असं काढ.

“गडद काढ,” मी म्हटलं.

“तसे मला येत नाहीत,” ती म्हणाली. “तू शिकवलेच नाहीस.”

तिने पुढचं पाकीट ओढलं. तिचं अक्षर सरळ होतं, ओळी एकमेकींपासून सारख्या अंतरावर, मोजल्याशिवाय. भावाने मला बसायला खुर्ची पुढे केली आणि मी बसले.